पायऱ्यांचे लाईट: प्लास्टरच्या आधी एवढं बघून घे

अरे प्लास्टरवाल्याला दोन दिवस थांबव, आधी लाईटच्या वायरींचे पाईप टाकून घे. तुझ्या १४ पायऱ्या आहेत ना, मग प्रत्येक रायझरला, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजूला, लाईट नको, एक सोडून एक धर, मध्ये एका ठिकाणी दोन सोड, ७ पुरे, फक्त पहिली आणि शेवटची पायरी अंधारात राहू देऊ नकोस, तिथेच पाय चुकतो. लाईटचा बॉक्स बसवताना प्लास्टर अधिक फरशीची जाडी धरूनच पुढे काढ, नाहीतर तो आत खोल जातो आणि लाईटची पट्टी फरशीला टेकतच नाही (माझं हेच झालं होतं, परत फोडावं लागलं). आणि खाचा मारताना स्लॅबच्या सळईला हात लावायचा नाही.

ड्रायव्हर, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज कमी करून लाईटला देणारा डबा, २४ व्होल्टचा, आयसोलेटेड म्हणजे मेन्सपासून वेगळा, आणि SELV म्हणजे सुरक्षित कमी व्होल्टेज असं लिहिलेला घे. २ वॅटचे ७ म्हणजे १४ वॅट, तर २० वॅटचा बरा. लाईटही २४ व्होल्टचेच, सगळे पॅरलल. १२ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, मग लांब वायरीत शेवटचे लाईट मंद दिसतात. ड्रायव्हर भिंतीत गाडू नकोस, जिन्याखाली उघडता येईल अशा हवेशीर जागी ठेव, कारण आधी तोच जातो. मेन्सची वायर लाईटच्या पाईपात अजिबात नको.