उत्तरसूचीतला ‘क’ म्हणजे A की C?

प्रश्न: माझ्याकडे सामान्यज्ञानाचा जुना प्रश्नसंच आहे, तीन-चार पुस्तकांतून जमवलेला. उत्तरसूचीत कुठे अ ब क ड आहे, कुठे क ख ग घ, कुठे १ २ ३ ४. एक विद्यार्थी म्हणतो, ‘सर, मला उत्तरं फक्त A, B, C, D मध्ये द्या, मी तशाच सराव-शीटवर गोल भरतो.’ मग ‘क’ आला की A लिहायचं की C? एकच तक्ता करून सगळं बदलता येईल का?

उत्तर:

एकच तक्ता करून चालणार नाही. ‘क’चा A होतो की C, हे ‘क’वरून कळतच नाही. त्या प्रश्नाखाली पर्यायांना कोणती अक्षरं दिलीत, यावरून कळतं. आधी मालिका ओळखायची, मग त्या मालिकेत ते अक्षर कितवं हे बघायचं. पहिलं असेल तर A, दुसरं B, तिसरं C, चौथं D.

दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिला: गोदावरीचा उगम कुठे होतो? (अ) महाबळेश्वर (ब) भीमाशंकर (क) त्र्यंबकेश्वर (ड) मुलताई. दुसरा: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? (क) कळसूबाई (ख) साल्हेर (ग) तोरणा (घ) हरिश्चंद्रगड. उत्तरसूचीत दोन्हींपुढे ‘क’ असेल आणि दोन्ही वेळा ते बरोबरच असेल. पण विद्यार्थ्याच्या शीटवर पहिल्याला C जाईल आणि दुसऱ्याला A. सरसकट C लावलात तर पोरगं तोरण्याला सर्वांत उंच शिखर करून मोकळं होईल, आणि सूचीच तशी म्हणतेय म्हटल्यावर त्याला शंकाही येणार नाही.

आपल्याकडची अ ब क ड ही मालिका मुळात A B C D च्या पावलावर चालते, वर्णमालेच्या नाही. म्हणून तुकड्यांची नावं पुढे इ, फ, ग अशी जातात. क ख ग घ आणि अ आ इ ई या मात्र सरळ वर्णमालेतून आलेल्या. हिंदी पुस्तकांत अ ब स द सापडतं. तिथे स म्हणजे C आणि द म्हणजे D. ‘क’सारखाच घोळ ‘इ’चाही आहे. अ आ इ ई मध्ये तो तिसरा, म्हणजे C. पाच पर्यायांच्या अ ब क ड इ मध्ये तो पाचवा, म्हणजे E.

मालिका ओळखायला पहिल्या पर्यायाकडे बघू नका, दुसऱ्याकडे बघा. पहिला ‘अ’ असेल तर पुढे ब येईल की आ, सांगता येत नाही. दुसरं अक्षर मात्र फसवत नाही. ब दिसला की अ ब क ड (किंवा हिंदीतलं अ ब स द), ख दिसला की क ख ग घ, आ दिसला की अ आ इ ई. प्रश्नपत्रिका हाताशी नसेल आणि नुसती सूचीच असेल, तर त्या एका पुस्तकाची सगळी उत्तरं एकत्र बघा. त्यांत ख, ग, घ फिरत असतील तर तिथला क म्हणजे A. अ, ब, ड फिरत असतील तर क म्हणजे C. दोन्ही तऱ्हेची अक्षरं एकाच सूचीत आली तर समजा की दोन पुस्तकांची पानं मिसळली आहेत. मग मूळ प्रश्न उघडल्याशिवाय गत्यंतर नाही, अंदाजाने भरू नका.

‘कितवं’ म्हणजे मालिकेत कितवं, कागदावर कितवं नव्हे. काही छापखाने दोन स्तंभांत पर्याय लावताना अ च्या शेजारी क ठेवतात आणि अ च्या खाली ब. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, मग क दुसरा वाटतो. एक्सेलमध्ये तर याहून मोठी गंमत होते. पर्याय A ते Z क्रमाने लावले की ते वर्णमालेच्या क्रमाने लागतात: अ, क, ड, ब. आता वरून खाली A B C D भरत गेलात तर ब चा D होतो, आणि पहिलं उत्तर सोडून सगळीच हुकतात. म्हणून अक्षरांच्या स्तंभावर क्रमवारी लावायचीच नाही, प्रश्नक्रमांकावर लावायची.

तुमची फाइल एक्सेलमध्ये असेल असं धरतो. B स्तंभात सूचीतलं अक्षर, C स्तंभात त्या प्रश्नाची मालिका (अबकड, कखगघ, १२३४, जी असेल ती, सलग, मोकळी जागा न सोडता), आणि D मध्ये हे सूत्र:

```
=IF(LEN(B2)=1,MID("ABCDE",FIND(B2,C2),1),"?")
```

B2 मध्ये क आणि C2 मध्ये अबकड असेल तर C येतो. C2 मध्ये कखगघ केलंत की A येतो. सुरुवातीची LEN ची अट काढू नका. ती नसेल तर B2 रिकामा असताना FIND १ सांगतं, आणि ज्याचं उत्तर सूचीत छापलंच नाही त्या प्रश्नापुढे गुपचूप A उमटतो. शेवटी सूचीत A अवाजवी जास्त दिसायला लागले, तर पहिला संशय याचाच घ्यायचा. अक्षर मालिकेत नसेल तर #VALUE! येतो, तो आला की वैतागू नका, तिथे खरंच काहीतरी चुकलेलं असतं. बहुधा मालिका चुकीची भरलेली असते, नाहीतर छपाईत ब चा व आणि ड चा इ झालेला असतो. जुन्या झेरॉक्सवर ही अक्षरं हमखास गल्लत करतात. अ ब क ड च्या सूचीत व दिसला तर तो ब च असणार, कारण व हा पर्यायच नाही. आकड्यांचंही तसंच. चारच पर्याय असताना ९ दिसला तर तो शेपूट वळलेला १ असतो. पण ‘असणार’ म्हटलं तरी एकदा प्रश्न वाचून खात्री करून घ्यावी.

युनिकोड येण्याआधीच्या फाइली असतील तर आणखी एक खड्डा आहे, आणि तो तुमच्या कामात नेमका आडवा येतो. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की अ ब क ड च्या जागी v, c, d, M दिसतात. आता c आणि d तुम्हाला हव्या त्या उत्तरांसारखेच दिसतात! वाटतं, हे तर आधीच इंग्रजी अक्षरांत आहे, नुसतं मोठ्या लिपीत केलं की झालं. पण तो c म्हणजे ब, म्हणजे B. आणि तो d म्हणजे क, म्हणजे C. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या a b c d सूचीत v आणि M कशाला येतील? ते दिसले की आधी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग वरचं सूत्र लावा.

आता विधानांचे प्रश्न. एमपीएससीच्या धर्तीच्या सरावात हे भरपूर असतात आणि इथे दोन मालिका एकाच प्रश्नात नांदतात. उदाहरणार्थ: (अ) कृष्णा नदी महाबळेश्वरजवळ उगम पावते. (ब) भीमा नदी कृष्णेला मिळते. (क) तापी नदी बंगालच्या उपसागराला मिळते. वरीलपैकी बरोबर विधानं कोणती? (१) फक्त अ (२) अ आणि ब (३) ब आणि क (४) तिन्ही. तापी अरबी समुद्राला मिळते, म्हणून उत्तर २. विद्यार्थ्याला द्यायचं B. इथे बदलायचे ते फक्त पर्यायांचे आकडे. विधानांचे अ, ब, क जसेच्या तसे राहू द्या, कारण ते विधानांची नावं आहेत. तीही A, B, C केलीत तर ‘उत्तर B’ म्हणजे दुसरा पर्याय की दुसरं विधान, हे त्या बिचाऱ्याने कसं ओळखायचं?

याच्या उलट प्रकारही असतो. कृष्णेची उपनदी कोणती? (अ) कोयना (ब) वेण्णा (क) अ आणि ब दोन्ही (ड) यांपैकी नाही. उत्तर क, मालिका अ ब क ड, म्हणून C. इथला ‘अ आणि ब’ मात्र पर्यायांकडेच बोट दाखवतो. तुम्ही प्रश्नपत्रिकाही A, B, C, D करून छापणार असाल तर पर्यायाच्या आतला मजकूरसुद्धा ‘A आणि B दोन्ही’ असा बदलायला हवा. नुसती सूचीच देणार असाल तर प्रश्नाला हात लावायची गरज नाही. एक्सेलमधलं ‘सर्व बदला’ हे बटण या दोन प्रकारांत फरक करू शकत नाही, म्हणून प्रश्नांच्या मजकुरावर ते दाबू नये.

दोन उत्तरं बरोबर असलेले प्रश्नही संचात निघतील, विशेषतः आठवीच्या शिष्यवृत्तीचा काही भाग त्यात असेल तर. सूचीत ‘२, ४’ असं असेल तर उत्तर ‘B, D’. सूत्र तिथे ? दाखवेल, ते हाताने भरा.

विद्यार्थ्याला पाठवताना त्याने मागितलंय तेवढंच पाठवा: प्रश्नक्रमांक आणि मोठ्या लिपीतलं एक अक्षर. ‘C (क)’ असं दोन्ही लिहायचा मोह होतो, पण शीटवर गोल भरताना त्याला कंसाचा त्रासच होईल. स्वतःच्या फाइलमध्ये मात्र E स्तंभात उत्तराचा मजकूर ठेवा: त्र्यंबकेश्वर, कळसूबाई, अ आणि ब. मग पाठवण्याआधी अधूनमधून पाच-दहा ओळी उचलायच्या आणि D मधल्या अक्षराचा पर्याय प्रश्नपत्रिकेत वाचून तो E शी जुळतो का बघायचं. ओळी प्रत्येक पुस्तकातून उचला. मालिका चुकली असेल तर एखाद-दुसरं उत्तर चुकत नाही, त्या पुस्तकाची झाडून सगळी चुकतात, त्यामुळे तीन-चार ओळींतच पकडलं जातं. अपवाद अ आ इ ई आणि अ ब क ड यांतल्या गोंधळाचा: दोन्हीकडे अ म्हणजे A च, म्हणून तपासायला ‘अ’ उत्तराची ओळ घेऊ नका.