काक्षी, बीटलज्यूस आणि एक हरवलेला ठिपका

प्रश्न : मृगातल्या तांबूस ताऱ्याला, बीटलज्यूसला, मराठी पुस्तकांत 'काक्षी' म्हणतात. मूळ अरबी नावाचा अर्थ 'राक्षसाची काख' असा आहे म्हणे. खरं का? आणि रायगेल, अल्निटाक, मिंटाका या नावांत अरबांना नेमकं काय दिसत होतं?

काख नाही, हात. आणि राक्षसाचा नाही, बाईचा.

मूळ नाव 'यद अल्-जौझा'. यद म्हणजे हात आणि अल्-जौझा हे आकाशातल्या एका स्त्रीचं नाव. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला येणारा 'य' आणि 'ब' दिसायला सारखेच असतात. फरक खालच्या ठिपक्यांचा : 'य'ला दोन, 'ब'ला एक. आपल्याकडे पोटातली रेघ राहिली की 'ष'चा 'प' होतो, तसलाच हा प्रकार. मध्ययुगात अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद होत असताना कुणीतरी 'यद'चं 'बद' वाचलं आणि 'बेदलगेउझे'सारखी रूपं युरोपात रूढ झाली.

पुढे प्रबोधनकाळातल्या विद्वानांना प्रश्न पडला, की हे 'बेद' म्हणजे काय? अरबीत जवळपास बसेल असा शब्द शोधताना त्यांनी 'बत' असं रूप कल्पिलं आणि त्याचा अर्थ काख असा लावला. पण अरबीत काखेला शब्द आहे 'इब्त', नुसतं 'बत' नव्हे. सुरुवातीचा स्वर कुठे गेला याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, तरी 'राक्षसाची काख' पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिली. विसाव्या शतकात पाउल कुनिच या जर्मन अरबीतज्ज्ञाने जुनी हस्तलिखितं ताडून हा घोळ निस्तरला. आपल्या 'काक्षी'त संस्कृत 'कक्ष', म्हणजे काखच आहे. तेव्हा हे नाव त्या चुकलेल्या अर्थावरून बेतलेलं दिसतं. म्हणून ते टाकून द्यावं असं मात्र मला वाटत नाही. चुकून का होईना, रुळलेलं आणि म्हणायला सोपं नाव आहे.

मग राक्षस कुठून आला? इथे दोन थर वेगळे करावे लागतात. नवव्या शतकात बगदादमध्ये खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या ग्रीक ग्रंथाचे अरबी अनुवाद झाले. ग्रीकांचा ओरायन, म्हणजे आपलं मृग, हा महाकाय शिकारी, म्हणून त्याच्यासाठी 'अल्-जब्बार' हा शब्द घेतला गेला. पण त्याच्या फार आधीपासून वाळवंटातल्या अरबांचं स्वतःचं आकाश होतं, आणि त्यात याच ताऱ्यांची जौझा होती. दहाव्या शतकात अब्द अल्-रहमान अल्-सूफी यांनी सुमारे 964 साली ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात प्रत्येक तारकासमूहासाठी आधी टॉलेमीची आकृती दिली आणि मग अरबांची जुनी नावं वेगळी नोंदवली. हे दोन थर आज आपल्याला सुटे करता येतात याचं मोठं श्रेय या ग्रंथाला आहे. नंतरच्या लोकांनी मात्र दोन्हींची सरमिसळ केली, आणि जौझाचा हात राक्षसाच्या अंगाला चिकटला.

जौझा या शब्दाचं मूळ 'मध्य' या अर्थाच्या धातूत आहे. ही आकृती खगोलीय विषुववृत्तावर, आकाशाच्या मध्यपट्ट्यात आहे, त्यामुळे ते पटतंही. गंमत म्हणजे अरबी खगोलशास्त्रात हेच नाव पुढे मिथुन राशीला गेलं. आजच्या अरबी राशिभविष्यात 'अल्-जौझा' म्हणजे मिथुनच.

या बाईची गोष्टही होती. सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य, याने जौझाशी लग्न केलं, पण तिची पाठ मोडली, ती मेली आणि तो दक्षिणेकडे पळाला. अगस्त्य क्षितिजाला चिकटून दक्षिणेतच उगवतो-मावळतो, त्याचं हे स्पष्टीकरण. (आपला अगस्त्यही दक्षिणेलाच गेलेला, पण कारण निराळं.) सुहैलच्या दोन बहिणी होत्या, दोघींचं नाव शिअरा. एक आकाशगंगा ओलांडून त्याच्या मागे गेली, ती 'अल्-अबूर', ओलांडणारी. हा आपला व्याध. दुसरीला ओलांडणं जमलं नाही. ती अलीकडेच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिपडले, म्हणून ती 'अल्-गुमैसा'. हा प्रश्वा. हिवाळ्यात अंधाऱ्या ठिकाणाहून पाहिलंत तर आकाशगंगेचा पट्टा खरोखरच व्याध आणि प्रश्वा यांच्या मधून जाताना दिसेल. बहिणींची ताटातूट पाहूनच रचलेली आहे. आज मात्र 'गोमैसा' हे नाव प्रश्वाला नसून त्याच्या शेजारच्या मंद ताऱ्याला आहे.

नावांची अशी सरकासरकी कमरपट्ट्यात सगळ्यात जास्त झाली आहे. मृगातल्या त्या तीन ताऱ्यांना आपण बाण म्हणतो. अरबांकडे या अख्ख्या ओळीला बरीच नावं होती. 'निताक' म्हणजे बायका कमरेला बांधत ते वस्त्र. 'मिन्तका' म्हणजे कमरपट्टा. 'निझाम' म्हणजे ओवलेल्या मोत्यांची सर. आणि 'फकार' म्हणजे पाठीचे मणके, ज्यांचा संबंध पाठ मोडल्याच्या गोष्टीशी सहज जुळतो. यातलं एकही नाव एकट्या ताऱ्याचं नव्हतं. युरोपात ती तीन ताऱ्यांत वाटली गेली : पूर्वेचा अल्निटाक, मधला अल्निलम, पश्चिमेचा मिंटाका. अल्निलममधला 'निझाम' आपल्या ओळखीचाच. ओवणं, लावून ठेवणं, म्हणून व्यवस्था, आणि व्यवस्था पाहणारा तो निजाम-उल्-मुल्क. हैदराबादचा निजाम आणि मोत्यांची सर एकाच धातूचे.

रायगेलमध्ये काही भानगड नाही. 'रिज्ल' म्हणजे पाय, पूर्ण नाव 'जौझाचा डावा पाय'. आकृती आपल्याकडे तोंड करून उभी धरायची, म्हणजे तिचा डावा पाय आपल्या उजवीकडे, पश्चिमेला येतो आणि उजवा हात आपल्या डावीकडे वर. हात आणि पाय असे कर्णाच्या दोन टोकांना सापडतात. दुसऱ्या पायाशी 'सैफ' आहे, आणि सैफ म्हणजे तलवार. पायात तलवार कशी, हे विचारू नका. ते नाव मुळात शिकाऱ्याच्या पट्ट्याखाली लटकणाऱ्या मंद ताऱ्यांचं, म्हणजे जब्बारच्या तलवारीचं. घसरत घसरत ते खाली गुडघ्याशी आलं.

2016 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ही नावं याच रूपांत आणि याच ताऱ्यांना अधिकृत केली. त्यामुळे लिहिताना बीटलज्यूसचं 'यदलजौझा' करण्यात अर्थ नाही. बेलाट्रिक्स, म्हणजे पश्चिमेकडचा खांदा, मात्र या अरबी नावांच्या यादीत धरू नका. ते नाव लॅटिन आहे, अर्थ 'लढवय्यी'.