देवाशी अबोला

"माझी धाकटी बहीण पाच महिन्यांपूर्वी अचानक गेली. तेव्हापासून देवापुढे हात जोडवत नाहीत, त्याचा संताप येतो. मग भीती वाटते, या रागापायी घरात आणखी काही वाईट तर होणार नाही ना?"

तुमचं वाचताना मला माझ्याकडे येऊन गेलेले एक वडील आठवले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचा 22 वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, देव आहे का?" या प्रश्नाला समुपदेशकानं उत्तर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. होकार द्या वा नकार, समोरच्याचं बोलणं तिथंच खुंटतं. मी विचारलं, "देवाशी शेवटचं कधी बोललात?"

"त्याच दिवशी सकाळी. पोराला सांभाळ म्हणालो होतो."

त्यांचा देव नाहीसा झाला नव्हता. भरवशाच्या माणसानं दगा द्यावा, तसं ते दुखणं होतं. भेटायला येणारे म्हणत, "त्याची इच्छा!" ते ऐकून राग आणखी आत दबायचा.

मी त्यांना देवाला पत्र लिहायला सांगितलं. पहिल्या पत्रात जेमतेम चार ओळी होत्या, 'आपण असे का केलेत?' अशा जपून लिहिलेल्या. पुढच्या भेटीत सात पानं आली. तिसऱ्या पानावर 'आपण'चं 'तू' झालं होतं. ती त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्यानं वाचली आणि मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले.

मला जास्त काळजी वाटत होती ती त्यांच्या भीतीची. धाकटी मुलगी बाहेर गेली की ती परतेपर्यंत ते ठरावीक वेळा देवाची माफी मागत, आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "मुलीनं दुःखाच्या भरात तुम्हाला वाट्टेल ते सुनावलं, तर तुम्ही तिला काय शिक्षा कराल?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग आम्ही ती मोजणी आधी निम्म्यावर आणली, पुढं बंद केली. सुरुवातीचे काही दिवस त्यांची तगमग वाढली. अशा वेळी तसं होतंच.

शेवटच्या भेटीत ते म्हणाले, "हात अजून जोडत नाही. पण बोलतो त्याच्याशी. भांडतोच बहुतेक." त्यांची श्रद्धा पूर्वीसारखी करणं हे माझं काम नव्हतं.

तुम्हीही लिहून पाहा. सौम्य शब्द शोधत बसू नका, आणि ते कुणाला दाखवायचंही नाही. मात्र झोप-जेवण तुटलं असेल, भीतीपोटी अशी मोजणी सुरू झाली असेल, तर समुपदेशकाला लवकर भेटा. 'बहिणीकडे निघून जावं' असं मनात येत असेल, तर आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.