शंभरच्या आसपास खेळणाऱ्याचा हँडिकॅप कसा निघतो, आणि त्याने मॅच खरंच बरोबरीची होते का?

प्रश्न: मी महिन्यातून एकदोनदा गोल्फ खेळतो, स्कोअर ९५ ते १०५ च्या मध्ये कुठेतरी असतो. ऑफिसातले एक सीनियर म्हणतात, आधी हँडिकॅप काढ, मग आपली बरोबरीची मॅच होईल. हा आकडा म्हणजे माझ्या स्कोअरची सरासरीच ना? आणि त्यांच्यासारख्या चांगल्या प्लेयरसमोर तो खरंच पुरतो का?

उत्तर:

सरासरी नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. हँडिकॅप तुमचा रोजचा खेळ मोजत नाही. तुमचा दिवस चांगला असला तर तुम्ही कुठवर जाऊ शकता, ते मोजतो. त्यासाठी शेवटच्या २० राउंडांमधले सर्वांत चांगले ८ धरतात. उरलेल्या १२ राउंडांत तुम्ही कितीही घाण केलेली असली तरी त्या आकड्यात येत नाही. पूर्वी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पद्धती होत्या. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली आणि बहुतेक ठिकाणी हाच हिशेब चालतो. मी क्लबात हँडिकॅपचं काम बघतो, तेव्हा कार्डावरून आकडा कसा निघतो ते एका राउंडवरूनच सांगतो.

समजा तुम्ही १०१ मारलेत. कोर्सचा पार ७२. त्यात एका पार चारच्या होलवर तुमचे १३ झाले: दोन बॉल पाण्यात, मग बंकरमध्ये हाणामारी. हे १३ जसेच्या तसे धरत नाहीत. ज्याचा हँडिकॅप अजून निघालेलाच नाही, त्याला एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक ५ लावतात, म्हणजे इथे ९. चार फटके गळाले, हँडिकॅपसाठी तुमचा स्कोअर ९७. एका होलवरच्या अपघाताने अख्ख्या राउंडचं चित्र बिघडू नये, एवढाच यामागचा हेतू. मित्रांना सांगायचा स्कोअर मात्र १०१ च.

आता हे ९७ चांगले की वाईट, ते कोर्सवर अवलंबून. कार्डावर प्रत्येक टीपुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग, समजा ७०.६. म्हणजे शून्य हँडिकॅपवाला, ज्याला स्क्रॅच प्लेयर म्हणतात, तो त्या टीवरून चांगला खेळला तर त्याचा साधारण एवढा स्कोअर व्हावा. ९७ मधून ७०.६ वजा केले की उरतात २६.४.

दुसरा आकडा स्लोप, समजा १२४. लोक म्हणतात, स्लोप जास्त म्हणजे कोर्स अवघड. तसं नाही. अवघडपणा रेटिंगमध्ये आलेलाच असतो. कोर्स स्क्रॅच प्लेयरला जेवढा त्रास देतो, त्यापेक्षा तुमच्याआमच्यासारख्याला किती जास्त देतो, ते स्लोप सांगतो. टीपासून १८० यार्डांपर्यंत पाणी पसरलेलं आहे असं समजा. स्क्रॅच प्लेयरला ते पाणी दिसतसुद्धा नाही, त्याचा बॉल कितीतरी पुढे पडतो. तुमचा मात्र तीनातला एक आत जाणार. असे होल जितके जास्त, तितका स्लोप वर. तो ५५ ते १५५ च्या मध्ये असतो आणि मानक धरलाय ११३. म्हणून २६.४ ला ११३ ने गुणायचं आणि १२४ ने भागायचं. उत्तर येतं २४.१. याला स्कोअर डिफरेन्शियल म्हणतात. अवघड कोर्सवरचे ९७ आणि सोप्या कोर्सवरचे ९१ आता एका मापात बसतात. (त्या दिवशी वादळवाऱ्याने सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील तर सिस्टिम त्यासाठीही थोडी दुरुस्ती करते, पण ती आपोआप होते, तुम्ही डोकं लावायचं कारण नाही.)

सुरुवातीला २० राउंड कुठून आणायचे? तेवढे लागत नाहीत. एकूण ५४ होलांचे स्कोअर भरले की आकडा मिळतो. समजा तुमची तीन डिफरेन्शियल २४.१, २७.३ आणि २५.६ आली. त्यातलं सर्वांत कमी धरून आणखी २ वजा करतात, म्हणजे तुमचा पहिला हँडिकॅप इंडेक्स २२.१. राउंड वाढत जातील तसे जास्त स्कोअर हिशेबात येतात आणि ही सवलत निघून जाते. वीस भरल्यावर तुमची सर्वांत चांगली आठ डिफरेन्शियल २०.७ पासून २३.९ पर्यंत असतील आणि त्यांची सरासरी २२.४ असेल, तर तोच तुमचा इंडेक्स. विसांचीच सरासरी काढली असती तर ती तुमच्यासारख्याची सहज २५-२६ आली असती. म्हणून पुढच्या राउंडला हँडिकॅपएवढं खेळता आलं नाही तर नाउमेद होऊ नका. चारपाच राउंडांत एखाद्या वेळी तसं खेळलात तरी आकडा बरोबर आहे असं समजायचं.

इंडेक्स तुमच्याबरोबर कुठेही फिरतो. मॅचला मात्र त्या दिवशीच्या कोर्सचा आणि टीचा आकडा लागतो, तो कोर्स हँडिकॅप. मघाचाच हिशेब उलटा करायचा: २२.४ गुणिले १२४, भागिले ११३, आणि त्यात रेटिंग आणि पार यांतला फरक मिळवायचा. इथे ७०.६ वजा ७२, म्हणजे उणे १.४. उत्तर येतं २३.२, धरायचे २३. सीनियरांचा इंडेक्स समजा ९.१ आहे, तर त्याच टीवरून त्यांचे येतात ८.६, म्हणजे ९. ते मागच्या टीवरून खेळणार असतील तर त्यांचा हिशेब त्या टीच्या रेटिंग-स्लोपवर होतो, त्यामुळे टी वेगळी असली म्हणून भांडण नको.

तेवीसातून नऊ गेले, उरले १४. दोघांच्या मॅच प्लेमध्ये, म्हणजे प्रत्येक होल वेगळा जिंकायच्या खेळात, ते शून्यावर खेळतात आणि तुम्हाला १४ स्ट्रोक मिळतात. हे १४ शेवटी एकदम वजा करत नाहीत, होलांवर वाटतात. कार्डावर प्रत्येक होलला १ ते १८ असा स्ट्रोक इंडेक्स असतो. १ ते १४ नंबरच्या होलांवर तुमचा एकेक फटका माफ. स्ट्रोक इंडेक्स १४ च्या पार चारवर त्यांनी ५ मारले आणि तुम्ही ६, तर होल बरोबरीत. तुम्हीही ५ मारलेत, तर होल तुमचा. पुढचा होल समजा स्ट्रोक इंडेक्स १६ चा पार तीन असेल, तर तिथे तुम्हाला काहीच मिळत नाही, समोरासमोर खेळायचं. टीवर उभं राहण्याआधी कार्ड बघायची सवय लावा. स्ट्रोक मिळणाऱ्या होलवर हिरोगिरी करायची गरज नसते. पार चारवर तीन फटक्यांत ग्रीनवर आलात तरी तुम्ही त्यांच्या बरोबरीने चालला आहात.

आता पुरतो का, तर जवळजवळ. काटा किंचित सीनियरांकडे झुकलेला असतो. कारण पुन्हा तेच, सर्वोत्तम आठ. त्यांच्या चांगल्या आणि वाईट राउंडांत अंतर थोडं असतं, म्हणून त्यांचा साधारण दिवस त्यांच्या हँडिकॅपच्या जवळ असतो. तुमचा साधारण दिवस तुमच्या हँडिकॅपपासून चांगला तीनचार फटके लांब असतो. माझ्या मते हे योग्यच आहे, चांगलं आणि सातत्याने खेळणाऱ्याला एवढा फायदा असावा. शिवाय मॅच प्ले तुम्हाला एका बाजूने सांभाळूनही घेतो: ते १३ फटक्यांचं प्रकरण इथे एका होलपुरतं राहतं. पुढच्या टीवर पाटी कोरी. तेच स्ट्रोक प्लेमध्ये, जिथे एकूण फटके मोजतात, दिवसभर मानगुटीवर बसलं असतं.

मोठ्या स्पर्धेत मात्र गणित उलटतं. मैदानात तुमच्यासारखे साठ जण असतील, तर त्यांतल्या कोणाचा तरी त्या दिवशी भन्नाट खेळ होणारच. नऊ हँडिकॅपवाल्याचा खेळ इतका वर उसळी घेत नाही. म्हणून व्यक्तिगत स्ट्रोक प्लेला कोर्स हँडिकॅपच्या ९५ टक्केच देण्याची शिफारस आहे. दोघांच्या मॅचला पूर्ण १००.

आकडा बिघडतो तो फॉर्म्युल्यामुळे नाही, कार्डामुळे. हँडिकॅप मुद्दाम फुगवणारे असतात, त्यांच्यासाठी सोय आहे: वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा तो ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्मी होते, आणि ५ च्या वर जातच नाही. हौशी माणसाचा रोग मात्र उलटा. पहिल्या टीवर बॉल झाडीत गेला की दुसरा मारायचा आणि तो मोजायचा नाही, तीन फुटांचा पट "गेलाच समजा" म्हणून उचलायचा आणि तो फटकाही धरायचा नाही, १०८ वालं कार्ड खिशातच ठेवायचं. मग २२ वाला माणूस कागदावर १७ होतो आणि प्रत्येक मॅच हरतो. हक्काचे स्ट्रोक त्याने स्वतःच सोडलेले असतात. एखाद्याचे भरलेले सगळेच स्कोअर हँडिकॅपच्या आसपास दिसले, एकही राउंड फसलेला नाही, तर मला पहिली शंका हीच येते. एकट्याने खेळलेला राउंडही धरत नाहीत, बरोबर कोणीतरी असावं लागतं.

या मॅचचा स्कोअरही भरायचा, आणि तिथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे, आता तुमचा हँडिकॅप निघालेला आहे, त्यामुळे पार अधिक ५ ची मर्यादा संपली. आता पार अधिक २, अधिक त्या होलवर तुमच्या हक्काचे स्ट्रोक. हे स्ट्रोक मॅचमधल्या १४ वर नाही, तुमच्या पूर्ण २३ वर मोजायचे. तेवीस म्हणजे प्रत्येक होलला एक आणि स्ट्रोक इंडेक्स १ ते ५ वर आणखी एक. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ३ च्या पार चारवर जास्तीत जास्त ८, आणि १२ च्या पार चारवर ७. दुसरं, मॅचमध्ये सीनियरांनी एखादा पट दिला किंवा होल अर्धवट सोडला, तर तिथे रेघ मारून चालत नाही. झालेले फटके धरायचे आणि होल पूर्ण करायला बहुधा जितके लागले असते तितके मिळवायचे. पाच फुटांच्या आत असलात तर एक. ग्रीनवरच पण त्याहून लांब असलात तर दोन किंवा तीन, आणि त्यातलं काय धरायचं ते तुमचं पटिंग बघून प्रामाणिकपणे ठरवा.