फ्रिजच्या रबराला बुरशी आली तर

ठाण्याच्या पावसाळ्यात दाराच्या रबरावर काळे ठिपके येणारच, लगेच नवं रबर मागवू नकोस. घडी बोटाने उघड, वास तिथेच दडलेला असतो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घास, मग कोरड्या फडक्याने घडीच्या आतपर्यंत पूस. ओलं राहिलं तर बुरशी परत येतेच.

आता दारात कागद अडकवून ओढ. सहज निसटला तर रबर सैल आहे. हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन बघ, कधीकधी बसतं. चीर असेल तर मात्र बदलच, मॉडेल नंबर सांगून.

मिक्सरच्या झाकणाची रिंग काढूनच धुवायची. चिकट झाली असेल तर जुनी रिंग घेऊन जांभळी नाक्याच्या बाजारात जा, माप तिथेच जुळव.