दोन शिल्लक, एकच खातं

खात्यात ४०,००० दिसतात आणि २०,००० पाठवायला गेलास तर 'पुरेशी शिल्लक नाही' असं येतं, यात बँकेचं काही चुकलेलं नाही. तू लेजर बॅलन्स बघतोयस. ती वहीतली शिल्लक: खात्यात नोंदल्या गेलेल्या सगळ्या जमा-खर्चांची बेरीज-वजाबाकी. खर्च करायला मिळते ती अव्हेलेबल बॅलन्स.

तुझाच हिशोब घे. परवा भरलेला २५,००० चा चेक वहीत जमा दिसतोय, पण समोरच्या बँकेकडून तो वटायचाय. तोवर ते पैसे फक्त कागदावर. शिवाय हॉटेलने कार्डावर ३,००० अडवून ठेवलेत. तो खर्च अजून नोंदलेला नाही, म्हणून लेजरमधून वजा झालेला नाही, पण तुझ्या हातातून मात्र गेला. ४०,००० वजा २८,०००, उरले १२,०००.

चेक वटला की अव्हेलेबल वाढेल, लेजर तिथेच राहील. तो परत आला तर मात्र लेजरमधूनच २५,००० कमी होतील, वर बहुधा दंडही. म्हणून न वटलेल्या चेकच्या भरवशावर कुणाला चेक देऊ नकोस. मी एकदा दिला होता, आणि दोन्ही परत आले.

फरकाचं कारण सापडत नसेल तर बँकेत 'होल्ड किंवा लीन, म्हणजे अडवलेली रक्कम, किती आणि कशासाठी' एवढंच विचार. हॉटेल सोडल्यावरही अडवलेली रक्कम काही दिवस अडकून राहू शकते. उलट, खात्याला मुदत ठेव जोडलेली असेल तर अव्हेलेबल लेजरपेक्षा जास्तही दिसू शकते. त्याने हुरळू नकोस, ती तुझीच ठेव मोडून मिळणार असते.