उलटा निर्देशांक नव्हे, खतावणी

प्रश्न: ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ला मराठीत ‘उलटा निर्देशांक’ म्हणावं का? आणि आमच्या लेखसंग्रहात ‘विहीर’ शोधलं की ‘विहिरीत’ असलेले लेख का येत नाहीत?

‘निर्देशांक’ कृपा करून नको. निर्देशांक हा अंक असतो, महागाईचा नाहीतर शेअर बाजाराचा. इथे कोणता शब्द कोणत्या लेखांत आहे याची यादी आहे. ‘व्यस्त सूची’ सुचवणारे आहेत. पण व्यस्त प्रमाण शाळेत राहिलं, आता हिंदी कानावर पडून पडून ती सूची कामात बुडालेली वाटते. मुळात इंग्रजी नावच फसवं आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दापुढे पानांचे आकडे देणारी सूची असते, ती हीच. सुरुवातीच्या अनुक्रमणिकेशी ताडून पाहिलं तरच ती उलटी.

आणि आपल्याकडे तयार शब्द आहे: खतावणी! दुकानदार व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहितो. मग तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो आणि शेजारी कीर्दीचं पान टाकतो. लेख म्हणजे कीर्द, शब्द म्हणजे खातं, आणि ‘हा शब्द १७ क्रमांकाच्या लेखात ३ वेळा’ ही ओळ म्हणजे खतावलेली नोंद. इंग्रजीत त्या ओळीला ‘पोस्टिंग’ म्हणतात, आणि हिशेबातल्या खतावण्यालाही पोस्टिंगच! १९५०च्या दशकात अमेरिकेत मॉर्टिमर टॉब यांच्या ‘युनिटर्म’ पद्धतीत एकेका शब्दाचं कार्ड असे आणि त्यावर लेखांचे क्रमांक शेवटच्या अंकाप्रमाणे दहा रकान्यांत चढवत. दोन कार्डं शेजारी धरून सामाईक क्रमांक हेरले की दोन्ही शब्द असलेले लेख हाती. आजचं शोधयंत्र चढत्या क्रमाने लावलेल्या दोन याद्यांवर हेच करतं.

खतावणीतलं ‘खत’ माझ्या मते अरबी, म्हणजे रेघ, लिखाण. शेणखताशी त्याचं नातं नाही. खतावणी ‘खाते’वरून आली असं ठासून सांगणाऱ्यांशी माझा वाद आहे. खरेदीखत, गहाणखत यांतलं खत म्हणजे लिहिलेला कागद, आणि खतावणं म्हणजे लेखी चढवणं. खातं हे चढवण्याचं ठिकाण झालं. क्रियापद त्यातून कशाला काढायचं?

आता विहीर. आधी शब्द नीट तुटतोय का ते पाहा. पायथनमधली नेहमीची युक्ती मराठीत असा घात करते:

```
>>> re.findall(r"\w+", "विहीर")
['व', 'ह', 'र']
```

युनिकोडमध्ये काना-वेलांट्या ‘अक्षर’ गटात नाहीत, ‘चिन्ह’ गटात आहेत. `\w` त्यांना ओळखत नाही, म्हणून प्रत्येक मात्रेवर शब्द फुटतो. Elasticsearch या शोधयंत्राचा शब्द तोडणारा भाग, `standard` टोकनायझर, युनिकोडच्या शब्दसीमांच्या नियमांवर चालतो, तो शब्द अखंड ठेवतो.

पण अखंड ठेवूनही ‘विहीर’, ‘विहिरीत’ आणि ‘विहिरीला’ ही तीन खाती पडतात, आणि शोधयंत्र लेखांना गुण देतं तेव्हा त्याचा फटका दुहेरी बसतो. शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त; BM25 या गुण देण्याच्या सूत्रात ते असं काढतात:

```
idf = ln(1 + (N - n + 0.5) / (n + 0.5))
```

`N` म्हणजे एकूण लेख, `n` म्हणजे शब्द असलेले लेख. समजा १००० लेखांपैकी १० मध्ये ‘विहीर’ आहे, आणि सगळी रूपं धरून ४० मध्ये. खरं वजन ३.२१ हवं; फुटलेल्या खात्याला मिळतं ४.५६. म्हणजे शब्द आहे त्याहून दुर्मीळ ठरतो. उलट, विहिरींवरच लिहिलेल्या लेखात ‘विहीर’ एकदा आणि विभक्ती लागलेली रूपं ९ वेळा असतील, तर त्याची मोजणी १० ऐवजी १ होते. शब्द पुन्हा पुन्हा आल्याला किती मोल द्यायचं ते ठरवणारा `k1` १.२ आणि लेख सरासरी लांबीचा धरला, तर वारंवारतेचा गुणक १.९६ ऐवजी १ वर येतो. नेमका हवा तो लेख खाली जातो. ज्यात फक्त ‘विहिरीत’ आहे, त्याचा तर या खात्यात पत्ताच नसतो.

नुसता प्रत्यय कापून भागत नाही. ‘विहिरीत’मधला ‘त’ आणि सामान्यरूपाची ‘ई’ काढली तर ‘विहिर’ उरतो, ‘विहीर’ नव्हे, कारण सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतो. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ एक करावे लागतात, खतावतानाही आणि शोधतानाही. त्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ एका खात्यात जातील, ते सोसायचं. ‘हात’चा ‘त’ कापून ‘हा’ उरणं मात्र सोसू नका: कापल्यावर किमान दोन व्यंजनं उरली पाहिजेत अशी अट घाला. मग Elasticsearch च्या `_analyze` ला ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ दोन्ही देऊन एकच टोकन येतं का बघा. येत असेल तर सगळे लेख पुन्हा खतावा. नियम बदलल्याने जुनी खाती आपोआप एक होत नाहीत.